मामा २७ वर्षं गवंडी, कागद एकही नाही. आरपीएलच्या परीक्षेला बसवू का?

विक्रम_तासगाव
नमस्कार मंडळी. माझे मामा पुण्यात वाघोलीकडे एका साइटवर गवंडीकाम करतात. शाळा चौथीपर्यंत, हातात थापी आली ती विसाव्या वर्षी, आता सत्तेचाळीस. साइटच्या ठेकेदाराने सांगितलंय की पुढच्या आठवड्यात 'आरपीएल'चा, म्हणजे आधीपासून येत असलेलं काम तपासून प्रमाणपत्र देण्याचा, कॅम्प आहे, दोन दिवस बसायचं, तिसऱ्या दिवशी परीक्षा, मग सरकारी सर्टिफिकेट. मामांचं म्हणणं, "मला काय इचारणार हायत? भिंत बांधून दावतो." पण त्यांना भीती आहे ती लिहायच्या पेपरची. शिवाय तीन दिवसांची हजेरी बुडते, म्हणजे २७०० रुपये. परीक्षेच्या दिवशी नक्की काय होतं? आणि त्या कागदाचा उपयोग काय? कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा.

गणपुले_काका
अवश्य बसवा. पंतप्रधानांची योजना आहे. रोज ५०० रुपये मिळतात, वर अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर. आणि सर्टिफिकेट आयटीआयच्या बरोबरीचं असतं. आमच्या गावातल्या सुताराला मिळालंय.

ओळंबा
गणपुले काका, तुमच्या सुताराला मिळालं ते 'पीएम विश्वकर्मा'. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली वेगळी योजना. तिच्यात १८ व्यवसाय आहेत, राजमिस्त्री त्यातला एक. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० आणि १५ हजारांचं व्हाउचर हे सगळं तिकडचं. विक्रमचे मामा तिथे स्वतंत्रपणे अर्ज करू शकतात. घोटाळा होतो तो ५०० च्या आकड्याने, कारण आरपीएल ज्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत येतं तिच्या दुसऱ्या टप्प्यात पास होणाऱ्यालाही ५०० मिळायचे, पण एकदाच.

आयटीआयच्या बरोबरीचं मात्र नाही. आयटीआयचं ट्रेड सर्टिफिकेट वेगळं, ते हवं असेल तर ती परीक्षा वेगळी द्यावी लागते. आरपीएलचा कागद एवढंच म्हणतो की अमुक कामाच्या ठरलेल्या कसोट्यांवर हा माणूस तपासला आणि उतरला.

विक्रम, मी सिव्हिल डिप्लोमावाला. बारा वर्षं साइटवर, नंतर सहा वर्षं बांधकामाच्या ट्रेडसाठी असेसर, म्हणजे ही परीक्षा घेणारा. सविस्तर रात्री लिहितो. तोवर एक काम कर. कॅम्पमध्ये मामांचं नाव कुठल्या कामासाठी घातलंय ते विचार. 'हेल्पर' किंवा 'असिस्टंट मेसन' असं असेल तर तिथेच थांबव.

विक्रम_तासगाव
विचारलं. यादीत सगळ्यांच्या पुढे 'असिस्टंट मेसन' आहे. २८ जण, त्यात तिघं बिगारी आणि सहा तरी जुने मिस्त्री.

ओळंबा
वाटलंच होतं. सोप्या पातळीवर सगळे पास होतात, कॅम्पवाल्याचा निकाल चांगला दिसतो. पण २७ वर्षांच्या गवंड्याच्या हातात 'असिस्टंट'चा कागद गेला तर तो नसण्यापेक्षा वाईट. पुढचा माणूस तेच वाचणार. पूर्ण गवंड्याच्या कामाचं नाव 'मेसन जनरल'. लादीकामाचं वेगळं, सळईकामाचं वेगळं, शटरिंगचं वेगळं. नोंदणी पोर्टलवर चढायच्या आधीच बदलून घे. असेसर बॅच बघून आलेला असतो, तो कामाचं नाव मैदानावर बदलू शकत नाही.

आता दिवस कसा जातो ते. आधीचे दोन दिवस म्हणजे ओळखसत्र. दुसऱ्या टप्प्यात ते १२ तासांचं होतं: सहा तास कामाबद्दल, चार तास बोलणं-वागणं वगैरे, आणि दोन तास परीक्षा कशी असते यावर. लोक शेवटचे दोन तास चहाला जातात आणि तेच महाग पडतात.

परीक्षा घेणारा माणूस कॅम्प चालवणाऱ्याचा नसावा, हा नियम. त्याला वेगळी मूल्यमापन संस्था पाठवते. आल्यावर पहिल्यांदा आधार तपासणी, हजेरी, जागेच्या नोंदीसकट फोटो. मग तीन भाग: थोडे प्रश्न टॅबवर किंवा कागदावर, तोंडी प्रश्न, आणि हातकाम. क्रम कुठे उलटा असतो.

मी हातकामात बहुतेक वेळा एकच जॉब द्यायचो. नऊ इंची भिंतीचा कोपरा, एल आकारात, दोन्ही बाजू तीन-तीन फूट, सहा थर, इंग्लिश बॉन्ड. सोबत एक बिगारी, वेळ अडीच तास. साधारण ८५ विटा लागतात. दिवसाला पाचशे विटा लावणाऱ्याला वेळ कमी पडत नाही. गुण जातात ते वेगळ्याच ठिकाणी.

इंग्लिश बॉन्डमध्ये एका थरात विटा लांबीत आणि वरच्या थरात आडव्या, पण कोपऱ्यावर पहिल्या आडव्या विटेनंतर उभी कापलेली अर्धी वीट घालावी लागते, नाहीतर सांध्यावर सांधा येतो. जुने मिस्त्री ती न सांगता घालतात. नंतर मी विचारतो, "ही कापून का घातली?" उत्तर येतं, "घालत्यातच की." हातकामाचे गुण मिळाले, तोंडीचे गेले. त्याने नुसतं "सांधा तुटायला पायजे" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मग मी कोपरा मापतो. एका बाजूवर १८ इंचाला खूण, दुसऱ्या बाजूवर २४ इंचाला, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर ३० इंच भरलं पाहिजे. साडेतीस भरलं तर कोपरा उघडलाय. ओळंबा दोन्ही तोंडांना. एवढ्या उंचीला एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर, फरक मी चालवून घ्यायचो, खरं तर तोही जास्तच, कारण भारतीय मानकात तीन मीटर उंचीला सहा मिलिमीटरच चालतात. सांधा दहा मिलिमीटरच्या आसपास, आणि भरलेला. वरून छान दिसतो आणि थापीचं टोक घातलं की आत पोकळ, असं फार बघितलंय.

अनघा_नाशिक
इथे थोडं अवांतर, पण माझी आई चौदा वर्षं घरोघरी आजारी माणसांची देखभाल करते. तिला विचारलं की आरपीएल करशील का, तर म्हणाली, परीक्षेला आजारी माणूस कुठून आणणार? गवंड्याला भिंत तरी आहे.

ओळंबा
तिथे पुतळा किंवा दुसरी बाई पलंगावर झोपवतात. कूस बदलणं, चादर न उठवता बदलणं, हात धुणं. तुमच्या आईला सांगा, हात धुण्याचे टप्पे तोंडाने म्हणत धुवा. असेसरला विचार दिसत नाहीत, दिसतं तेवढंच आणि ऐकू येतं तेवढंच.

मुकादम_भोसरी
सगळं वाचलं. ओळंबा साहेब बरोबर लिहितात, पण असे दिवस मी दोनदाच बघितले. बाकी वेळी काय होतं ते सांगतो. सकाळी अकराला माणूस येतो, सगळ्यांना पिवळं हेल्मेट घालून भिंतीपुढे उभं करतो, फोटो काढतो, टॅबवर उत्तरं त्याचाच पोरगा दाबतो, दीडला जेवण, तीनला गाडी. माझ्या दोन माणसांना लादीचं सर्टिफिकेट आहे, त्यांनी आयुष्यात लादी बसवलेली नाही. विक्रम, २७०० रुपये घालवू नको.

ओळंबा
नाकारत नाही. मीही असल्या मैदानांवर गेलोय आणि दोन बॅच न घेता परत आलोय, पैसे बुडवून. परीक्षा खरी की नावापुरती हे बाहेरच्या माणसाला आधी ओळखायचं असेल तर त्याने विटा मोजाव्यात. २८ जणांना प्रत्येकी ८५ म्हणजे जवळजवळ २४०० विटा. चुन्याचा किंवा मातीचा माल वापरून भिंती पाडत पाडत त्याच विटा फिरवता येतात, आयटीआयत तसंच करतात, तरी एका वेळी आठ-दहा जणांच्या, म्हणजे सात-आठशे विटा लागतातच. मैदानावर दीडशे विटा आणि एक घमेलं असेल तर चौघांत एक भिंत होणार आणि गुण चौघांना सारखे पडणार. दुसरी खूण वेळेची. एक असेसर, २८ माणसं, प्रत्येकाला तोंडी दहा मिनिटं धरली तरी साडेचार तास नुसते बोलण्यात जातात. एका दिवसात हातकामासकट २८ उरकले तर काहीतरी गाळलंय.

वायरमन_सतीश
माझा प्रश्न. इमारत बांधकाम कल्याणकारी मंडळात नोंदणीला ९० दिवसांचा दाखला मागतात. ठेकेदार सही देत नाही. हे सर्टिफिकेट त्याच्याऐवजी चालेल का? मी वायरिंग करतो, लायसन्सचंही यातूनच होईल का?

ओळंबा
दोन्हीला नाही. मंडळाला तुमची कला बघायची नसते, मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर होता का एवढंच बघायचं असतं. आरपीएल याच्या उलट, कुठे किती दिवस होता ते विचारत नाही. ठेकेदार अडवत असेल तर ग्रामसेवक किंवा पालिकेच्या अधिकाऱ्याकडून दाखला घेता येतो. आणि वायरमनचा परवाना विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडचा विषय आहे. आरपीएल हे कौशल्याचं प्रमाणपत्र, परवाना नव्हे. ते दाखवून मीटरच्या कामावर सही करता येत नाही.

जुबैलकर
माझीही भर. सौदीला जायचं असेल तर प्लंबर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन वगैरेंना तिकडची स्वतःची चाचणी इथेच भारतात द्यावी लागते. माझ्याकडे आरपीएलचा कागद होता, एजंटने बघितला आणि परत खिशात घालायला सांगितलं. मात्र परीक्षेला हात थरथरले नाहीत, कारण कोणी शेजारी पाटी-पेन घेऊन उभं असताना काम करायची सवय एकदा झाली होती.

विक्रम_तासगाव
मग ठेकेदाराला यात रस का? तो फुकट तीन दिवस जागा देतोय.

ओळंबा
त्याला सरकारी काम मिळालं असेल किंवा हवं असेल. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटी अटींत प्रत्येक ट्रेडमध्ये किमान २० टक्के कारागीर प्रमाणपत्रधारक असावेत असं कलम आहे. म्हणजे दहा गवंड्यांत दोघांकडे कागद लागतो. मामांना घासाघीस करायची असेल तर ती इथे आहे. ठेकेदाराला मामांच्या कागदाची गरज मामांपेक्षा जास्त आहे. तीन दिवसांची हजेरी मागा. किमान निम्मी तरी.

सुमेधा_प
एक व्यवहाराची गोष्ट, मी महा-ई-सेवा केंद्र चालवते म्हणून. आधारवरचं नाव आणि बँकेचं नाव आधी जुळवून बघा. प्रमाणपत्रावर आधारचं नाव छापून येतं. दुसरं, गवंडी लोकांच्या बोटांचे ठसे सिमेंटने झिजलेले असतात, अंगठा लागत नाही. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं, नसेल तर तो आधी जोडून घ्यावा लागतो. परीक्षेच्या दिवशी सकाळी हे कळलं तर त्या दिवशी काही होत नाही.

विक्रम_तासगाव
ताई, बरं झालं सांगितलंत. आधारवर 'बाळू' आहे आणि पासबुकात 'बाळासाहेब'. नंबर जोडलेला आहे पण तो मामींच्या फोनचा, आणि मामी तासगावात.

---

विक्रम_तासगाव
झाली एकदाची परीक्षा. सांगतो सगळं.

नाव 'मेसन जनरल'मध्ये बदलून घेतलं, मामांसकट सहा जणांचं. कॅम्पवाला कुरकुरला. ठेकेदाराने हजेरी दोन दिवसांची दिली, परीक्षेच्या दिवसाची नाही. नावाची दुरुस्ती झाली नाही, 'बाळू'च राहिलं. सकाळी मामींना फोन लावून ओटीपी घेतला, दोन वेळा संपला, तिसऱ्यांदा लागला.

विटा मोजल्या. सहाशेच्या आसपास. असेसर बाई होत्या, पस्तिशीच्या असतील. त्यांनी सातासातांचे गट केले आणि एक गट उरकल्यावर भिंती पाडून विटा पुढच्यांना. काम दोन दिवस चाललं, दुसऱ्या दिवशी कॅम्पवाल्याने घाई केली तर त्या म्हणाल्या, मी रात्री आठपर्यंत थांबते, तुम्ही लाइटची सोय करा.

मामांचा नंबर पहिल्या गटात. विटा कोरड्या होत्या, पाण्याचं पिंप नव्हतं. बाकीच्यांनी सरळ माल टाकायला सुरुवात केली. मामा म्हणाले, "कोरडी ईट माल पिऊन टाकती, पाणी द्या आधी." वीस मिनिटं पिंप येण्यात गेली. मला वाटलं वेळ जातोय, पण बाईंनी तेव्हाच काहीतरी लिहून घेतलं. कोपरा तुम्ही सांगितलात तसाच मापला, तीस इंच आणि केसभर. ओळंबा स्वच्छ.

गेलं ते हातमोज्यांत. मामांनी पाच मिनिटांत काढून ठेवले. "मोजं घालून माल कळत न्हाई." बाईंनी एकदा आठवण केली, मामांनी घातले, परत काढले. मी लांबून हातवारे करत होतो, मला बाहेर बसवलं.

टॅबवरचा पेपर मराठीत होता पण कसली मराठी! 'वैयक्तिक संरक्षक उपकरणांपैकी कोणते शिरोभागाचे रक्षण करते?' मामा गप्प. बाईंनी विचारलं, "मामा, डोक्याला काय घालता?" मामा म्हणाले, "टोपी. साइटवर हेल्मेट ते पिवळं." मग दाबलं. नकाशाच्या प्रश्नात मात्र दोन चुकले. खिडकीची खूण ओळखली, उंचीचा छेद ओळखला नाही.

मुकादम_भोसरी
बाईंनी असं विचारलं म्हणजे उत्तरच सांगितलं ना. मग माझा तो दाबणारा पोरगा आणि या बाई, फरक काय?

ओळंबा
फरक आहे. प्रश्न वाचून दाखवणं, साध्या शब्दात मांडणं चालतं, पर्याय सुचवणं चालत नाही. गवंड्याची परीक्षा हेल्मेट माहीत आहे का याची आहे, 'शिरोभाग' माहीत आहे का याची नाही.

मुकादम_भोसरी
"डोक्याला" म्हटलं की पर्यायांत एकच डोक्याचा राहतो. मी चुकीचं म्हणत नाही.

ओळंबा
त्या प्रश्नापुरतं तुमचं मान्य. प्रश्नच तसा काढलाय की साधा केला की उत्तर उघडं पडतं. मी असे प्रश्न तोंडी घ्यायचो: परांचीवर चढायच्या आधी काय बघता? मग माणूस बोलतो, फळी हलते का, दोरी कुठे बांधली, खाली कोण उभं आहे. त्यात वाचता येण्याचा संबंध नाही. पण पेपर मी काढत नव्हतो. हातमोज्यांबद्दल मात्र मी गुण कापलेच असते. सिमेंटने हात खातो हे मामांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांच्या बोटांचे ठसे लागत नाहीत यातच ते आलं. तरी मामांचं म्हणणंही खोटं नाही, जाड मोज्यात माल कळत नाही. पातळ रबरी मोजे मिळतात, कॅम्पवाल्याने वेल्डिंगचे आणले असणार.

विक्रम_तासगाव
चामड्याचेच होते! कोपरापर्यंत.

गणपुले_काका
माझ्या भावाचं वय ६१ आहे, तोही गवंडी. त्याला या कॅम्पला बसवता येईल का? विश्वकर्माचं मी चुकीचं लिहिलं होतं, मान्य, पण ५०० चं अगदीच खोटं नव्हतं.

ओळंबा
नव्हतं, काका. चौथ्या टप्प्यात आरपीएलसाठी वय १८ ते ५९ आहे, त्यामुळे भाऊ त्यात बसत नाही. विश्वकर्माला वरची मर्यादा तशी नाही, किमान १८ हवं. मात्र एका कुटुंबातल्या एकालाच मिळतं, तेव्हा घरात बायकोने किंवा अविवाहित मुलाने आधी अर्ज केलाय का ते बघा.

अनघा_नाशिक
विक्रम, निकाल?

विक्रम_तासगाव
काल लागला, पोर्टलवर दिसतो. मामा पास. हातकामात जवळजवळ सगळे गुण, सुरक्षेत निम्मे, लेखीत कसेबसे. सहा जुन्या मिस्त्र्यांपैकी पाच पास. जो राहिला त्याचं काम मामांच्या मते त्या सहांत सगळ्यात सफाईदार आहे, पण तो तोंडी प्रश्नांना बोललाच नाही, मान हलवत राहिला. मान हलवल्याचे गुण नाहीत म्हणे. 'असिस्टंट'वाले बावीसच्या बावीस पास, तिन्ही बिगाऱ्यांसकट.

प्रमाणपत्रावर क्यूआर कोड आहे, स्कॅन केला तर मामांचं नाव आणि काम उघडतं. मी रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केली. मामांनी उलटसुलट बघितली, म्हणाले, "बाळू म्हणत्यात हितं. बाळू बिगारी असताना म्हणायचे."

हजेरी अजून ९०० च आहे. ठेकेदार म्हणतो नवं टेंडर लागलं की बघू. मामांनी प्रिंट त्याच्याकडे न देता स्वतःच्या ट्रंकेत ठेवलीय, झेरॉक्सही दिली नाही. उद्या परत मागायला येणार आहे म्हणे.